उंदीर पडले होते का?

आदरणीय सर,

तुमच्या निरोप समारंभासाठी विभागाने आम्हा जुन्या विद्यार्थ्यांकडून दहा-दहा ओळींचा मजकूर मागवला आहे. मी तो पाठवला आहे आणि तो गौरव अंकात छापूनही येईल. पण त्या दहा ओळींत मला जे म्हणायचं होतं ते बसलं नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशातही बसलं नव्हतं. तिथे तुमच्याविषयी मी लिहिलेल्या चार वाक्यांपैकी दोन तुम्हीच पेन्सिलीने खोडलीत आणि समासात लिहिलंत, ‘हे विशेषण कशावरून?’ तेव्हा आता विशेषणं बाजूला ठेवते आणि जे घडलं तेवढंच लिहिते.

माझा विषय होता वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टींवरून भोगावती खोऱ्याचा सामाजिक इतिहास. आराखडा मंजूर करणाऱ्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं होतं की, आज्यांच्या गप्पांवर डॉक्टरेट मिळते का. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘गप्पांवर मिळत नाही, गप्पा तपासल्या तर मिळते.’ तपासणं म्हणजे काय, हे मला पुढे एकाच गोष्टीवर सविस्तर शिकायला मिळालं. ती गोष्ट आमच्याच घरातली होती.

आमची आजी ती सांगायची. तिच्या सासऱ्यांची, म्हणजे माझ्या पणजोबांची. ती त्यांना मामंजी म्हणते. तिचे शब्द रेकॉर्डरवर असे आहेत: ‘प्लेगात मामंजींचं आई-बाप गेलं. एका आठवड्यात दोघं. म्हातारी तेवढी मागं ऱ्हायली. मग म्हाराजांनी मामंजींना कोल्हापुरात न्हेलं, बोर्डिंगात घाटलं, शिकीवलं.’ लहानपणापासून मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. महाराज म्हणजे शाहू महाराज, आणि प्लेग म्हणजे प्लेग. पहिल्या मसुद्यात हे निवेदन मी जसंच्या तसं उतरवलं. मसुदा परत आला तेव्हा ‘प्लेगात’ या शब्दाखाली रेघ होती आणि समासात चारच शब्द: ‘उंदीर पडले होते का?’

मी समजून घ्यायला तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि प्लेग लोकांनी कसा पाहिला ते सांगितलंत. मुंबईत मांडवीला सप्टेंबर १८९६ मध्ये तो प्रथम ओळखला गेला, आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनभर फिरला. एकदा आला आणि गेला असं झालं नाही. वीस-पंचवीस वर्षं तो पुनःपुन्हा येत राहिला. येताना तो सूचना देऊन यायचा. आधी आढ्यावरून, कणगीमागून उंदीर मरून पडायचे. शहाणी माणसं तिथेच ओळखायची आणि घर सोडायची. मग गावच्या गाव माळावर झोपड्या घालून राहायचं. काखेत किंवा जांघेत गाठ आली की माणूस गेल्यात जमा. त्यातून वाचलेले लोक पुढे जन्मभर गाठीची जागा दाखवत. ‘प्लेगची गोष्ट सांगणारा माणूस,’ तुम्ही म्हणालात, ‘उंदीर, माळ आणि गाठ यांपैकी एक तरी सांगतोच. न विचारता सांगतो. तुमच्या आजींच्या गोष्टीत यातलं एकही नाही.’

मग तुम्ही चार प्रश्न एका कागदावर लिहून दिलेत. उंदीर पडले होते का? गाव माळावर गेलं होतं का? गेलेल्यांची वयं काय होती? तेव्हा शेतात काय उभं होतं? सालाचा प्रश्न त्यात नव्हता. ‘साल विचारलं की म्हातारी माणसं तुम्हाला बरं वाटावं म्हणून साल सांगतात,’ हे तुमचं म्हणणं मी नंतर अनेकदा खरं ठरलेलं पाहिलं.

आजीकडे गेले. ती शेंगा फोडत बसली होती. उंदराचं विचारल्यावर ती थबकली. ‘उंदीर? न्हाई बा. उंदराचं कोन काय बोललं न्हाई कधी.’ गाव माळावर गेलं होतं का, या प्रश्नावर ती जरा चिडलीच. ‘गाव कुठं जातंय? भात उभं हुतं शेतात. कापायला मानूस न्हवतं. म्हातारीनं एकटीनं काय कापलं आसंल तेवढं.’ वयांचं विचारलं तर म्हणाली, ‘तरणीताठी गेली की गं. म्हातारीला काय झालं न्हाई. तिनं तर सगळ्यांची सेवा केल्ती.’

मी हे टंकलेखन करून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि म्हणालात, ‘हा प्लेग नाही. ही मानमोडी.’

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. हे नाव मी ऐकलं होतं, पण आमच्या गावात कुणाच्या तोंडी आलेलं नव्हतं. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत पहिली सौम्य लाट आली. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरात आली आणि तिने पश्चिम भारत झोडपून काढला. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झालं होतं, आणि लढाई अजून संपायची होती. हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण कमीत कमी धरले तरी आकडा एक कोटीच्या वर जातो. प्लेगने वीस-बावीस वर्षांत जेवढे बळी घेतले त्याच्या तोडीचे बळी या तापाने काही महिन्यांत घेतले. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. आणि या रोगाची खोड अशी की तो म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना जास्त धरायचा. बायका त्यात जास्त गेल्या. घरात आजारी माणसाची सेवा त्याच करत होत्या, हे त्याचं एक कारण सांगतात.

आजीची सगळी उत्तरं याला जुळत होती. भात कापणीला आलेलं, म्हणजे दसरा-दिवाळीचे दिवस. तरुण आई-बाप एका आठवड्यात गेले, म्हातारी आणि लेकरू वाचलं. उंदीर नाहीत, माळ नाही, गाठ नाही.

तरीही तुम्ही मला ते प्रबंधात लिहू दिलं नाहीत. ‘हा अंदाज झाला. आता कागद शोधा.’

कागद आमच्याच माडीवरच्या पत्र्याच्या पेटीत निघाला, माझ्या चुलत आजोबांच्या कृपेने. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि त्यांना मोडी वाचता येते, हा त्यांचा अभिमान रास्तच आहे. कागद म्हणजे जमिनीच्या वारस नोंदीची नक्कल होती. खातेदार मयत, वारस मुलगा वय वर्षे ५, आणि त्यापुढे अज्ञान पालन करणार म्हणून त्या म्हातारीचं नाव. आजही सातबारावर ‘अ. पा. क.’ अशी तीन अक्षरं दिसतात, तीच ही गोष्ट. साल होतं १३२८. सालापुढचा शब्द नेमका घडीवर आला होता आणि घडी झिजून तिथे भोक पडलं होतं.

आबांनी क्षणात निकाल दिला. ‘सुहूर सन. जुन्या कागदांत सुहूरच असतंय. पाचशे नव्व्याण्णव मिळव. १९२७.’ त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पेशवाईतल्या, छत्रपतींच्या जुन्या सनदांना तो चालतो. तिथे साल अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, अशर, सलासीन, मया, अलफ असं, आणि ते वाचणारा माणूस आमच्या गावात आबांशिवाय दुसरा नाही. पण हा कागद सनद नव्हता, महसुलाचा होता, आणि साल आकड्यांत होतं. महसुलात फसली साल चालायचं. दोन्ही सालं मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात, त्यामुळे घोटाळा सहज होतो. फसलीत ५९० मिळवायचे. म्हणजे १३२८ फसली हे जून १९१८ ते जून १९१९.

नऊ वर्षांचा फरक, आणि त्या फरकावर सगळं अवलंबून होतं. १९२७ धरलं तर मानमोडीचा काही संबंधच उरत नव्हता. आबा हट्टाला पेटले. तुम्ही त्यांच्याशी वाद घालायचा नाही असं मला बजावलंत आणि दुसऱ्या बाजूने जायला सांगितलंत. पणजोबांचा शाळेचा दाखला काढला. जन्म १ जून १९१३. तो पाहून तुम्ही म्हणालात, ‘१ जून दिसली की सावध व्हायचं. मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या बेताने दिलेली तारीख असते ती. वर्ष दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतं.’ पण नऊ वर्षं नाही. आणि मग त्याच पेटीत दुसरा कागद सापडला, १९३२ चा, इंग्रजी तारखेचा: वारस सज्ञान झाल्यामुळे अज्ञान पालन करणाराचं नाव कमी केलं. १९२७ साली पाच वर्षांचं असलेलं पोर १९३२ साली सज्ञान होत नाही. १९१८ साली पाच वर्षांचं असलेलं मात्र होतं.

आबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, ‘मग सुहूर कुणी सांगितलं हुतं?’ मी काही बोलले नाही. त्यांच्यामुळेच कागद हाती आला होता आणि अक्षरंही त्यांनीच लावली होती. प्रबंधात मोडी वाचनाचं श्रेय त्यांच्या नावावर आहे, तेही तुमच्या सांगण्यावरून.

इथे दुसरा कुणी मार्गदर्शक असता तर म्हणाला असता, झालं, आजी चुकली, कागद बरोबर. तुम्ही मला वारस नोंद पुन्हा वाचायला लावलीत. ‘यात कोण मेलं?’ खातेदार, म्हणजे वडील. ‘आई?’ आईचा उल्लेखच नव्हता. जमीन तिच्या नावावर नव्हती, त्यामुळे तिच्या मरणाने महसूल खात्याचं काही बदललं नव्हतं. त्या घरात एका आठवड्यात दोन माणसं गेली हे फक्त आजीच्या तोंडी आहे. ते तिला मामंजींनी सांगितलं आणि त्यांना त्या म्हातारीने. साल कागदाने दिलं, पण आई आजीनेच दिली. आईचं नाव मात्र मला अजून मिळालेलं नाही. आजीला ते माहीत नाही, आणि मामंजी कधी बोलले नाहीत.

मग खरा प्रश्न उरला. एवढी मोठी साथ, घर उद्ध्वस्त करून गेलेली, आणि घराने तिचं नावही का ठेवलं नाही? तिच्या जागी प्लेग का आला?

तुम्ही मला तेव्हा इटलीतल्या तेर्नी गावाची हकिगत सांगितलीत. पोलादाच्या कारखान्याचं गाव. १९४९ च्या मार्चमध्ये तिथे नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पण पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या संशोधकाने म्हाताऱ्या कामगारांना विचारलं, तेव्हा कित्येकांनी त्याचं मरण १९५३ मध्ये नेऊन ठेवलं होतं, कारखान्याने हजारोंना कामावरून काढलं त्या वेळच्या संघर्षात. पोर्तेल्लीने त्यांना खोटं ठरवलं नाही. लोकांना त्या पोराचं मरण ज्या कारणासाठी झालेलं हवं होतं, त्या कारणापाशी त्यांनी ते नेलं, असा त्याने अर्थ लावला. तुम्ही ते पुस्तक मला वाचायला दिलंत आणि पंधरा दिवसांनी विचारलंत, ‘आता तुमच्या आजींकडे जाऊन काय विचाराल?’

मी आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे पुन्हा गेले. सगळ्यांनी नेमकं उत्तर दिलं असं नाही. एका मावशींना मी साथीबद्दल विचारलं, तर त्या बुळकांडीबद्दल बोलू लागल्या. त्यांच्या माहेरी खिल्लाराची जोडी होती आणि ती दोन दिवसांत गेली, वडील गोठ्याच्या दारात बसून रडले, हे त्या अर्धा तास सांगत होत्या. मी रेकॉर्डर बंद करणार होते. पण तुमचं सांगणं होतं की माणूस स्वतःचं बोलत असताना यंत्र बंद करायचं नाही. शेवटी शेवटी मावशी म्हणाल्या, ‘मानसं मेल्याचं आमची आजी सांगायची. पन त्यात सांगायचं काय? ताप आला नि मेली. बैलाचं तरी सांगायला यतंय.’

या वाक्यावर प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं. प्लेगला गोष्ट होती: आधी उंदीर, मग गाव सोडणं, माळावरच्या झोपड्या, गाठ, कोण परत आलं आणि कोण नाही. त्यात माणसाने काहीतरी केलेलं होतं, आणि केलेलं सांगता येतं. मानमोडीत करण्यासारखं काहीच नव्हतं. ताप आला, तीन-चार दिवसांत माणूस गेलं, शेजारी उठून बघायला यावं तर तेही अंथरुणावर. जाळायला माणसं नव्हती तिथे सांगायला कोण उरणार? सांगता न येणारं मरण शेजारच्या सांगता येणाऱ्या मरणात जाऊन मिसळलं. आमच्या घरातही तेच झालं असावं, असं मी लिहिलं आणि तुम्ही ‘असावं’ खाली रेघ मारून पुढे ‘ठीक’ लिहिलंत. तुमच्याकडून मला मिळालेलं ते पहिलं ‘ठीक’.

याच काळात कोरोना आला. टाळेबंदी उठल्यावर मी पुन्हा गावोगाव जाऊ लागले, तर म्हातारी माणसं एकदम भरभरून बोलू लागली होती. मानमोडीत तोंडाला फडकी बांधायचे, लांब लांब बसायचे, बाहेरच्याला गावात घेत नव्हते. मला वाटलं खजिनाच उघडला. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात: ‘हीच माणसं २०१९ मध्ये काय म्हणाली होती?’ जुनी टंकलिखितं काढली. २०१९ च्या एकाही मुलाखतीत फडकं नव्हतं. त्यानंतर तुमच्या सांगण्यावरून मी सगळ्या मुलाखतींचे दोन गठ्ठे केले, मार्च २०२० च्या आधीचा आणि नंतरचा. प्रबंधात प्रत्येक अवतरणापुढे गठ्ठ्याची खूण आहे. ‘नंतरचा गठ्ठा टाकून द्यायचा नाही,’ असंही तुम्ही म्हणालात. ‘२०२१ मधली माणसं १९१८ कसं पाहत होती, त्याचा तो पुरावा आहे. फक्त १९१८ चा नाही.’ बहिःस्थ परीक्षकांनी मौखिकीत नेमकं हेच विचारलं, आणि मला उत्तर शोधावं लागलं नाही.

राहिले महाराज. आजीच्या वाक्याचा दुसरा भाग. ‘म्हाराजांनी कोल्हापुरात न्हेलं, बोर्डिंगात घाटलं.’ पणजोबा चौथी झाल्यावर कोल्हापुरात आले, म्हणजे १९२५ च्या आसपास. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले. तेव्हा महाराजांनी त्यांना हाताला धरून नेणं शक्य नव्हतं. बोर्डिंग कुठलं हेही पक्कं झालं नाही. आजी ‘मराठा बोर्डिंग’ एवढंच म्हणते. १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९२० चं प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग, दोन्ही तिच्या वर्णनात बसतात. पैसे द्यावे लागत नव्हते असं ती सांगते, त्यावरून माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण कल म्हणजे पुरावा नव्हे, आणि प्रबंधात ती जागा मोकळी आहे.

महाराजांची तारीख मी आजीला सांगितली. तुम्हीच म्हणाला होतात की तिचं चुकलं असं वाटत असेल तर ते तिच्यासमोर बोलायला हवं, पाठीमागे छापायचं नाही. आजीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, ‘म्हाराज गेलं म्हनून बोर्डिंग बंद पडलं का?’

मी तुम्हाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तुम्ही काही क्षण बोलला नाहीत, आणि मग म्हणालात, ‘हे वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला घ्या. त्याच्यावर भाष्य करू नका.’ तसंच घेतलं. कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली त्याचा इतिहास पुस्तकांत आहे. शाहूकालीन निवडक कागदपत्रांचे खंडही आपल्या विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने काढले आहेत आणि मी ते वापरले. पण राजा गेल्यावर तीन वर्षांनी एका अनाथ पोराला तिथे पानावर बसायला मिळालं, त्याला ते महाराजांच्याच हातचं वाटलं, आणि त्याने सुनेला तसंच सांगितलं, ही नोंद त्या खंडांत मिळणार नाही.

सर, मार्गदर्शक चांगला होता म्हणजे काय, हे मला आता एका विद्यार्थिनीला शिकवताना कळतंय. ती चंदगडच्या बाजूला मुलाखती घेते आहे. परवा तिचा मसुदा आला आणि त्यात ‘१८९७ सालच्या प्लेगात’ असं ठामपणे लिहिलं होतं. मी पेन्सिल उचलली आणि तुमचेच चार प्रश्न समासात लिहिले. शिवाय पाचवा एक माझा: हे आधी कुणी कुणाला सांगितलं? माझ्या मते तुमच्या प्रश्नांत तेवढं कमी होतं. म्हातारी, मामंजी, आजी, मी अशी साखळी लिहून काढल्याशिवाय कुठल्या कड्यात काय बदललं ते कळत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर मला ऐकायचं आहे.

आणि आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांच्या डब्यांत कॅसेट्स आहेत. तुम्ही स्वतः विद्यार्थी असताना आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत घेतलेल्या मुलाखती. त्यातली माणसं मानमोडीच्या वेळी मुलं होती, आज त्यांच्यातलं कुणी हयात नाही. तुम्ही त्यांच्याबद्दल कधी लिहिलं नाहीत, कारण ‘तेव्हा मला विचारता येत नव्हतं’ असं तुम्ही म्हणता. सर, तेव्हा चुकीचा प्रश्न विचारला असला तरी उत्तर फितीवर आहे.

ती फार दिवस राहणार नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी येते. आधी पांढरे ठिपके दिसतात, मग फीत थराथराला चिकटते, आणि चिकटलेली फीत चालवली की तिच्यावरचा थर निघून येतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, ती ताणते आणि आवाज लांबतो. म्हणून कृपा करून त्यातली एकही टेपरेकॉर्डरवर लावून बघू नका. डबे कोरड्या जागी, उभे ठेवा. लेबलांवरची तारीख आणि गावाची नावं पुसट झाली असतील, तर तुमच्या लक्षात आहे तोवर वहीत उतरवून ठेवा, कारण ते अक्षर तुमच्याशिवाय कुणाला लागणार नाही. संगणकावर घ्यायचं काम मी करते. प्रत एक तुमच्याकडे, एक विभागाकडे आणि एक वेगळ्या गावात राहील.

खोली तुम्हाला महिनाअखेर मोकळी करून द्यायची आहे. त्याआधीच्या शनिवारी मी गाडी घेऊन येते. डबे तेवढे रद्दीत जाऊ देऊ नका.

तुमची विद्यार्थिनी